बाबांची नोकरी गेली, फीची तारीख मात्र ठरलेली

*पुण्याजवळच्या एका खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात मी तिसऱ्या वर्षाला आहे. प्रवेश कॅपमधून, खुल्या प्रवर्गातून. बाबा एका कंपनीत १७ वर्षं होते. जूनअखेरीस त्यांना काढलं. आई एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे, पगार १६ हजार. कॉलेजने १,६४,५०० रुपये १४ ऑगस्टपर्यंत एकरकमी भरायला सांगितलेत. अकाउंट्सच्या खिडकीवर विचारलं, तर 'हप्ते बंद केलेत' म्हणाले. बाबा म्हणतात, कुणापुढे तोंड वेंगाडू नकोस, करू काहीतरी. मला वाटतं, सरळ पूर्ण फी माफीचा अर्ज द्यावा, नाहीतर एक वर्ष ड्रॉप घ्यावा. काय करू?*
— एक विद्यार्थी, पिंपरी-चिंचवड

खिडकीवरच्या माणसाने तुला खोटं सांगितलं नाही. त्याच्या हातात हप्ते खरोखरच बंद आहेत. त्याच्याकडे पावती फाडायचा अधिकार आहे, तारीख पुढे ढकलायचा नाही. खासगी कॉलेजात साधारण असं असतं की मुदत वाढवणं किंवा हप्ते देणं प्राचार्यांच्या सहीने होतं आणि फीमधले पैसे कमी करणं संस्थेच्या, म्हणजे ट्रस्टच्या, सचिवांच्या किंवा अध्यक्षांच्या सहीने. ही दोन वेगळी टेबलं आहेत. एकाच अर्जात 'फी माफ करावी किंवा हप्ते द्यावेत' असं लिहिलं की प्राचार्य तो संस्थेकडे पाठवून मोकळे होतात, संस्थेची बैठक महिन्या-दोन महिन्यांनी होते आणि तोवर तुझी १४ तारीख उलटून विलंब शुल्क सुरू झालेलं असतं. म्हणून अर्ज दोन कर. आधी हप्त्यांचा, प्राचार्यांच्या नावे. सवलतीचा वेगळा, छोटा, संस्थेच्या सचिवांच्या नावे.

पूर्ण माफीचं म्हणशील, तर ती मागण्याआधी तुझ्या घरी नेमकं काय अडलंय ते कागदावर मांडून बघ. बाबांना १७ वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी मिळायची आहे. तिचा हिशोब सोपा आहे: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, त्याला १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं आणि येईल त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ३९,००० धरला, तर वर्षाला २२,५०० आणि १७ वर्षांचे ३,८२,५०० रुपये होतात. कायद्याने ही रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते. कंपन्या रेंगाळतात हा भाग वेगळा, पण उशीर झाला तर व्याज लागतं. म्हणजे तुमच्या घरी पैसे अजिबात येणार नाहीत अशी स्थिती नाही. ऑगस्टमध्ये ते हातात नाहीत, आणि आले तरी सगळे फीत घालून चालणार नाही, कारण त्यातूनच घर चालवायचंय. ही अडचण मुख्यतः वेळेची आहे. कॉलेजच्या प्राचार्यांना वेळ देणं सोपं जातं, माफी देणं अवघड जातं. जे त्यांना देता येतं ते आधी माग.

दुसरा हिशोब फीच्या आकड्याचा. १,६४,५०० ही एक रक्कम नाही, फी स्लिपवर तिचे तुकडे असतात. समज, तुझ्या स्लिपवर शिक्षण शुल्क १,२०,०००, विकास शुल्क १८,०००, बस १९,५०० आणि प्लेसमेंट ट्रेनिंग ७,००० असे चार आकडे आहेत. पहिल्या दोघांची बेरीज १,३८,००० होते. व्यावसायिक अभ्यासक्रमांची ही फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण २०१५च्या कायद्याखाली ठरवून देतं, आणि कुठल्या कॉलेजला किती मंजूर झाली हे प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघता येतं. तुझ्या कॉलेजचा आकडा काढ आणि स्लिपशी ताडून पाहा. मंजूर आकडा ही कमाल मर्यादा असते. त्याच्या वर घेता येत नाही, खाली यायला मात्र संस्था मोकळी असते. तेव्हा 'सरकारनेच फी ठरवून दिलीय, आम्हाला कमी करता येत नाही' असं कुणी म्हणालं, तर ते बरोबर नाही एवढं मनात ठेव. (तिथल्या तिथे वाद घालायला जाऊ नकोस.)

बस ही सुविधा आहे, ती घेतलीच पाहिजे असं नाही. पीएमपीचा किंवा एसटीचा विद्यार्थी पास काढलास तर तो आकडा स्लिपवरून जातो. फक्त ऑगस्टमध्येच लेखी कळवायला हवं, कारण वर्षाच्या मध्यात बस सोडली तर पैसे परत मिळवताना दमछाक होते. ट्रेनिंगचे ७,००० बहुधा बाहेरच्या एजन्सीला जातात. ते ऐच्छिक आहेत का, हे ट्रेनिंग-प्लेसमेंटच्या सरांना विचार आणि ऐच्छिक असतील तर नाव काढून घे. नसतील, तर सवलतीच्या अर्जात नेमके हेच ७,००० आणि विलंब शुल्क सोडायची विनंती कर. संस्थेला शिक्षण शुल्कातून ४० हजार कमी करायला ठराव लागतो, अशी किरकोळ रक्कम सोडायला बहुतेक ठिकाणी सचिवांची सही पुरते. बस आणि ट्रेनिंग दोन्ही निघाले तर उरतात १,३८,०००. आता हप्ते याचे पाडायचे.

इथे पुष्कळ मुलं चुकतात. 'जमेल तसे भरू' किंवा 'दरमहा दहा हजार देऊ' असं लिहितात. कॉलेजची फी महिन्यावर फिरत नाही, सत्रावर फिरते. परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली की अकाउंट्समधून बाकीदारांची यादी निघते आणि यादीत नाव असलं की फॉर्म अडतो. तुमची परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरला आणि पुन्हा एप्रिल-मेला असेल, तर फॉर्म त्याच्या महिना-दीड महिना आधी सुटतात. म्हणून हप्ते असे पाड, की पहिल्या सत्राच्या फॉर्मआधी निम्मी फी जमा झालेली असेल आणि दुसऱ्या सत्राच्या फॉर्मआधी पूर्ण. १,३८,०००चे चार हप्ते केले तर प्रत्येकी ३४,५०० होतात. पहिला १४ ऑगस्टला, म्हणजे त्यांच्याच तारखेला. दुसरा ५ ऑक्टोबरला, तिसरा १० जानेवारीला, चौथा ५ मार्चला. दुसऱ्या हप्त्यानंतर ६९,००० जमा, बरोब्बर निम्मे. प्राचार्यांनी नुसता कागद बघितला तरी त्यांना कळतं की कॉलेजचं वेळापत्रक बघून हा आराखडा केलाय.

आणि प्रत्येक हप्त्यासमोर पैसे कुठून येणार ते लिही. पहिला घरच्या शिलकीतून, दुसरा ग्रॅच्युइटीतून, तिसरा आणि चौथा शैक्षणिक कर्जातून. हा शेवटचा रकाना बहुतेक अर्जांत नसतो, आणि ज्यांनी सही करायची ते मनातल्या मनात तोच शोधत असतात.

अर्जाची भाषा अगदी साधी ठेव. साधारण अशी:

> प्रति, मा. प्राचार्य
> मार्फत : विभागप्रमुख, … विभाग
> विषय : चालू वर्षाची फी चार हप्त्यांत भरण्यास परवानगी मिळणेबाबत
>
> महोदय,
> मी तृतीय वर्ष … शाखेचा विद्यार्थी असून माझा प्रवेश कॅपमधून झाला आहे. मागील दोन वर्षांची फी मी मुदतीत भरली आहे. माझ्या वडिलांची नोकरी ३० जून रोजी संपुष्टात आली. घरात सध्या आईचे मासिक उत्पन्न १६,००० रुपये आहे. त्यामुळे फी एकरकमी भरणे शक्य नाही. सोबतच्या तक्त्यानुसार चार हप्त्यांत फी भरण्याची परवानगी द्यावी. पहिला हप्ता १४ ऑगस्ट रोजी भरत आहे.
> हप्ते वेळेवर भरल्यास विलंब शुल्क आकारू नये आणि परीक्षेचा फॉर्म स्वीकारावा, ही विनंती.
>
> सोबत : १) कंपनीचे पत्र २) वडिलांचे बँक स्टेटमेंट ३) आईची पगार स्लिप ४) मागील दोन वर्षांच्या फी पावत्या ५) हप्त्यांचा तक्ता, पालकांच्या सहीसह

एका पानात बसलं पाहिजे. आजी आजारी असल्याचं, गावाकडच्या शेतीचं, बहिणीच्या लग्नाचं त्यात काही नको. मागच्या दोन वर्षांच्या पावत्या मात्र विसरू नकोस. वेळेवर फी भरणारं घर आहे, याचा तुझ्याकडे असलेला सगळ्यात भक्कम पुरावा तोच.

कंपनीच्या पत्राबाबत एक गोम आहे. पुष्कळ कंपन्या माणसाला काढताना त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतात, मग हातात येतं ते राजीनामा स्वीकारल्याचं पत्र. ते वाचून कॉलेजातलं कुणीतरी म्हणणारच, 'यांनी तर स्वतःहून सोडली.' तसं असेल तर खुलासा करत बसू नकोस, बाबांच्या पगार खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट जोड. दर महिन्याला पगार जमा झाल्याची ओळ दिसते आणि जुलैमध्ये ती नसते. त्या ओळींवर हायलायटरची रेघ ओढ. घरखर्चाच्या बाकीच्या नोंदी झेरॉक्सवर झाकल्यास तरी चालतं.

अर्ज द्यायचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी तुझे मेंटर किंवा क्लास टीचर, मग विभागप्रमुख. त्यांच्याकडून अर्जाच्या कोपऱ्यात 'शिफारस' एवढा शब्द आणि सही मिळव. प्राचार्य तुला ओळखत नाहीत, विभागप्रमुखांना ओळखतात. त्यानंतर अर्ज कार्यालयाच्या आवक विभागात दे आणि तुझ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घे. हा शिक्का न घेता अर्ज थेट कुणाच्या टेबलावर ठेवून येणं म्हणजे तो न दिल्यासारखंच. प्राचार्यांना भेटायला आई किंवा बाबा यांपैकी एकाने तुझ्याबरोबर यावं, आणि हे सगळं १४ तारखेच्या निदान आठ दिवस आधी व्हावं. मुदतीआधी आलेला माणूस सवलत मागतो, मुदतीनंतर आलेला थकबाकीदार ठरतो. अर्ज तोच असला तरी त्याच्याकडे बघायची नजर बदलते.

आता बाबांच्या 'तोंड वेंगाडू नकोस'बद्दल. त्यांना जे बोचतंय ते खरं आहे, त्यावर तू त्यांना भाषण देऊ नकोस. फक्त अर्ज आणि तक्ता त्यांच्यासमोर ठेव. त्यात दया मागितलेली नाही. चार तारखा आहेत, चार रकमा आहेत आणि खाली पालक म्हणून त्यांची सही लागणार आहे. सतरा वर्षं कंपनीत काढलेल्या माणसाने पुरवठादारांना अशा तारखा मागताना आणि देताना कितीदा तरी बघितलं असेल. ते यायला तयार नसतील तर आईने यावं. पण तक्त्यावरची सही त्यांचीच असू दे.

परवानगी मिळाली की ती लेखी घे. 'ठीक आहे, भर हप्त्याने' हे तोंडी वाक्य ऑक्टोबरमध्ये अकाउंट्सच्या कुणालाच आठवत नाही आणि संगणक आपला विलंब शुल्क लावत राहतो. तुझ्याच अर्जावर प्राचार्यांचा 'मंजूर' शेरा पुरतो. त्याची झेरॉक्स अकाउंट्सला दे आणि तुझ्या नावापुढे हप्त्यांची नोंद घालायला लाव.

कॉलेज याबदल्यात दोनपैकी एक गोष्ट मागू शकतं. हमीपत्र मागितलं तर बिनधास्त द्या, मात्र त्यात 'हप्ता चुकल्यास प्रवेश रद्द' असं वाक्य असेल तर त्याऐवजी 'हप्ता चुकल्यास नियमानुसार विलंब शुल्क' असं घालायची विनंती करा. पुढच्या तारखांचे चेक मागितले तर जपून. चेक वटला नाही आणि कायदेशीर नोटिशीनंतर १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८खाली फौजदारी खटला होऊ शकतो, आणि तो चेकवर सही करणाऱ्यावर, म्हणजे बाबांवर. ज्या हप्त्याचे पैसे खात्यात आहेत किंवा नक्की येणार आहेत तेवढ्याचाच चेक द्यावा. कर्जावर अवलंबून असलेल्या तिसऱ्या-चौथ्या हप्त्याचा कदापि देऊ नये.

तिसरा प्रकार हल्ली फार दिसतो: 'आमच्याकडे हप्ते नाहीत, पण या फायनान्स कंपनीचा झिरो कॉस्ट ईएमआय घ्या.' ते हप्ते कॉलेजचे नसतात, ते पालकाच्या नावावरचं कर्ज असतं. कॉलेजला पैसे एकदम मिळतात आणि पहिला ईएमआय पुढच्याच महिन्यात सुरू होतो. ज्या घरात सध्या एकच पगार येतोय, त्या घराला हे परवडणारं नाही. बँकेच्या शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रम संपेपर्यंत आणि साधारण त्यापुढे एक वर्ष हप्ता सुरू होत नाही, फरक तिथे आहे.

ते कर्ज पहिल्या वर्षीच घ्यावं लागतं असा समज आहे. तसं नाही, उरलेल्या वर्षांसाठीही मिळतं. तुला या वर्षाचे ६९,००० आणि पुढच्या वर्षाचे १,३८,००० असे २,०७,००० रुपये लागतील. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही. सहकर्जदार म्हणून बाबांऐवजी आईला ठेवा, तिच्या पगाराची स्लिप चालू आहे. कॉलेजकडून बोनाफाईड आणि दोन्ही वर्षांच्या फीचं पत्र आताच मागून घे आणि अर्ज ऑगस्टमध्येच टाक. जानेवारीचे पैसे हवेत म्हणून डिसेंबरात बँकेत गेलास तर उशीर होईल.

आता शिष्यवृत्ती. आतापर्यंत तुला ती मिळण्यासारखी नव्हती. बाबांचा पगार वर्षाला ९ लाख धरला तर आईचा धरून घरचं उत्पन्न ११ लाखांच्या आसपास जातं. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे. नोकरी गेली म्हणून या वर्षी लगेच पात्र होशील असं तुला वाटेल, पण तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा असतो आणि मागच्या वर्षी बाबांचा पगार पूर्ण आला होता. म्हणून या वर्षाची गाठ कॉलेजशीच घालायची. चालू आर्थिक वर्षात मात्र बाबांचे एप्रिल ते जून असे तीनच पगार, म्हणजे सव्वादोन लाख, आणि आईचे वर्षाचे १,९२,०००, मिळून ४,१७,०००. पुढच्या एप्रिलनंतर दाखला काढताना कंपनीचं पत्र, फॉर्म १६ आणि बँक स्टेटमेंट हाताशी ठेव, आणि महाडीबीटी पोर्टल सुरू झालं की चौथ्या वर्षासाठी अर्ज भर. योजनेत शिक्षण शुल्काच्या निम्मी रक्कम मिळते, तुझ्या आकड्यांत ६०,००० रुपये. परीक्षा शुल्कही निम्मं मिळतं, विकास शुल्क त्यात येत नाही. कॅपमधून प्रवेश ही अट आहे आणि ती तू पूर्ण करतोस. पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्यासाठी कोणते कागद लागतात ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात मार्चमध्येच विचारून ठेव. (ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना ८ लाखांच्या मर्यादेत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी २०२४-२५पासून आहे. मॅनेजमेंट कोट्यातल्या मुलामुलींना यातलं काही लागू होत नाही.) ट्यूशन फी वेव्हर नावाच्या जागा असतात, त्या प्रवेशाच्या वेळीच मिळतात, तिसऱ्या वर्षात त्यांच्यामागे धावू नकोस.

राहिला ड्रॉपचा प्रश्न. वर्ष सोडून फी सुटत नाही, फक्त पुढे सरकते, आणि पदवी मात्र वर्षभर लांबते.

प्राचार्यांनी सगळं वाचून 'नाही' म्हटलं तर? हप्ते मिळणं हा कायद्याने दिलेला हक्क नाही, त्यामुळे त्यावर तक्रार करून फारसं हाती लागत नाही. तेव्हा मागणी लहान कर: चारऐवजी दोन हप्ते, ६९,००० आता आणि ६९,००० जानेवारीत. सत्राप्रमाणे फी घ्यायला नकार देणं कुठल्याही प्राचार्याला जरा जड जातं. हा पहिला मोठा हप्ता ग्रॅच्युइटी येईपर्यंत नातेवाइकाकडून दोन महिन्यांसाठी घ्यावा लागला तरी चालेल. मंजूर फीपेक्षा जास्त मागणं किंवा दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं फीसाठी अडकवून ठेवणं मात्र वेगळी गोष्ट आहे. पहिल्यासाठी शुल्क नियामक प्राधिकरण आणि दुसऱ्यासाठी कॉलेजची विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. तिथे लेखीच जा, त्याच आवक शिक्क्यासह.

आणि एखादा हप्ता चुकणार असं दिसलं, समज मार्चचा, बँकेने उशीर केला म्हणून, तर तारखेच्या आठ दिवस आधी तीन ओळींचं पत्र दे: किती भरतोय, किती राहतंय, कोणत्या तारखेला देणार. सोबत बँकेच्या मंजुरीपत्राची झेरॉक्स जोड. शक्य असेल तर त्या दिवशी पाच-दहा हजार तरी भर, म्हणजे बाकीदारांच्या यादीत तुझ्या नावापुढे ताजी पावती असेल.